उभ्या फ्लेक्सवरचं आडवं चित्र

हे मी लिहावं की नाही, याबद्दल मला अजून खात्री नाही. एका जाहिरातीच्या चित्राबद्दल कोणी इतकं लिहितं का? आणि लिहायचंच तर ज्याला लिहिण्याची सवय आहे त्यानं लिहावं. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत आलेला मी पहिला. निबंध सोडला तर मी काही लिहिलेलं नाही, आणि निबंधातही मला कधी फार गुण पडले नाहीत. त्यामुळं कुठं चुकलं, कुठं जास्त बोललो, तर वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं. माझी मावशी म्हणते, मनात ठेवलं की दाढ दुखल्यासारखं होतं, सांगून टाकावं. म्हणून सांगतो.

मी नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकतो. गाव जळकोट तालुक्यातलं. उदगीरला एका ओळखीच्या गृहस्थांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आधी मोटारी, स्टार्टर, वायरी विकायचे. आता घरावर सोलर बसवून देतात. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही. कपाळावर भस्म, गल्ल्याशेजारी महादेवाचा फोटो, आणि बोलणं मोकळं. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडं काम केलं होतं, तेव्हापासून ते मला ‘इंजिनिअर’ म्हणतात. अजून झालो नाही म्हटलं तरी म्हणतात.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचा फोन आला. जाहिरात करायची होती. मी विचारलं, आपण बसवलेल्या एखाद्या घराचा फोटो घेऊ या का? तर ते म्हणाले, विचारून झालं. कुणी देत नाही. घराचा फोटो चौकात लावला की नजर लागते म्हणतात. एका बाईंनी तर बसवलेल्या सोलर प्लेटांच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची बांधली होती आणि फोटो काढायला गेलेल्या पोराला चहा पाजून परत पाठवलं होतं.

“तुमच्या त्या एआयला सांग की,” आप्पा म्हणाले. “कुणाचंच घर नसलेलं घर काढ म्हणावं. त्याला कोण नजर लावतंय?”

मला ते काम सोपं वाटलं. चित्र काढणाऱ्या एआयला आपल्याला काय हवं ते शब्दांत लिहून द्यायचं असतं; त्या लिहिण्याला प्रॉम्प्ट म्हणतात. मी होस्टेलच्या खोलीत बसून लिहिलं, ‘छतावर सोलर पॅनल असलेलं सुंदर घर’. चित्र आलं. लाल कौलांचं उतरतं छप्पर, पुढं हिरवळ, मागं डोंगर, आणि छपरावर एक धुराडं. मी ते आप्पांना पाठवलं. त्यांनी लगेच फोन केला.

“आरं, ह्या घरात चूल वर हाय का?”

मग मी ‘भारतीय घर, सपाट छत’ असं लिहिलं. त्यावर घुमटाचा बंगला आला, दारात कारंजं. आप्पा म्हणाले, ह्याच्या घरी सोलर कशाला पाहिजे, ह्याच्याकडं ट्रान्सफॉर्मरची डीपीच असेल स्वतःची.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपलं घर त्याला माहीतच नाही. ते आपल्यालाच सांगायला लागणार. मग मी आमच्या भागातल्या गच्च्या आठवून आठवून लिहायला लागलो. सिमेंटचा स्लॅब, त्याला थोडी शेवाळाची काळी छटा. कंबरेएवढा कठडा, आतून गिलावा न केलेला. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया, गंजलेल्या. जिन्याची छोटी खोली, तिला पत्र्याचं दार. वाळत घातलेली एक साडी. आणि काळी पाण्याची टाकी. टाकी कुठं ठेवायची यावर मी बराच विचार केला. आमच्याकडं वास्तूप्रमाणं टाकी नैऋत्येच्या कोपऱ्यात असते, जवळजवळ प्रत्येक घरावर. म्हणजे दुपार कलल्यावर तिची सावली ईशान्येकडं लांबत जाते. प्लेटेच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या रांगेची वीज कमी होते, हे मी आप्पांकडं शिकलो होतो. म्हणून प्लेटा टाकीपासून लांब, पूर्वेच्या बाजूला, असं लिहिलं. ‘पॅनलवर कशाचीही सावली नको’ हे वेगळं वाक्य टाकलं.

आभाळाचंही तसंच. आधी त्यानं संध्याकाळचे केशरी ढग काढले, फार सुरेख होते. आप्पांना ते चालले नाहीत. ढग दिसले की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, ढग आल्यावर चालतं का. मग मी स्वच्छ निळं आभाळ मागितलं तर समुद्रासारखं गडद निळं आलं. उन्हाळ्यात आमच्याकडं आभाळ असं नसतं, उन्हानं पांढुरकं झालेलं असतं. ‘फिकट निळं, क्षितिजाकडं पांढरट, एकही ढग नाही, दुपारची वेळ’ असं लिहिल्यावर जमलं.

सगळ्यात जास्त वेळ कोनानं घेतला. प्लेटा दक्षिणेकडं तोंड करून, थोड्या तिरक्या ठेवतात. आपण विषुववृत्तापासून जितके अंश उत्तरेला, साधारण तितकाच कोन. म्हणजे आपल्याकडं अठरा-एकोणीसच्या आसपास. वर्षभराचं ऊन बघता तो बरा पडतो, आणि वाऱ्यालाही फार अडवत नाही. मी ‘अठरा अंश’ लिहिलं. त्या चित्रात प्लेटा भिंतीसारख्या उभ्या. परत लिहिलं, तर काही प्लेटा इकडं तोंड करून, काही तिकडं, आणि एकीला तर पायच नव्हते, हवेत तरंगत होती. आकडा त्याला कळतच नव्हता. किती वेळा तेच केलं सांगता येत नाही. शेवटी मी आकडा सोडला आणि आप्पांच्या माणसांनी बसवलेली प्लेटांखालची लोखंडी चौकट डोळ्यांपुढं आणली. लिहिलं: ‘सगळ्या प्लेटा एकाच प्रतलात, पुढची कड माणसाच्या गुडघ्याएवढी उंच, मागची कड छातीच्या थोडी खाली; बाजूनं बघितलं तर हातगाडी चढवायच्या उतारासारखी सौम्य चढण. पाय लोखंडाचे, जाड, आडव्या-तिरक्या पट्ट्यांनी बांधलेले.’

चित्र आलं आणि मी थोडा वेळ बघतच राहिलो. आमच्या गल्लीतलंच घर वाटत होतं. कोनमापक मोबाईलच्या पडद्यावर धरून बघितलं. चित्र थोडं कोपऱ्यातून होतं, त्यामुळं माप अंदाजेच. पण वीसच्या आत बसत होतं. सावल्या सगळ्या एकाच बाजूला पडत होत्या. शेजारच्या खोलीतल्या मित्राला दाखवलं. तो म्हणाला, कुणाचं घर आहे रे? मला फार बरं वाटलं.

आप्पांनाही आवडलं. जाहिरातीत ‘लाईट गेली तरी घरात उजेड’ असं लिहायचं त्यांच्या मनात होतं. मी भीत भीत सांगितलं की ते लिहू नका, लाईन बंद झाली की आपलं हे सोलरही आपोआप बंद होतं, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तसं केलेलं असतं. ते थोडे नाराज झाले, पण ओळ काढली. खाली दुकानाचा नंबर टाकला आणि चित्र छापायला गेलं.

पुढं पाडव्याला गावी जाताना जळकोटच्या स्टँडवर एसटी थांबली आणि खिडकीतून मला ते दिसलं. पानटपरीच्या वर, उभ्या चौकटीत, मोठं फ्लेक्स. घर माझंच होतं, पण लांबुळकं झालेलं. टाकी पिंपासारखी उंच. कठडा छातीच्या वर. आणि प्लेटा उभ्या चढणीसारख्या, खाली बारीक लांब पाय. माझं चित्र आडवं होतं. स्टँडवरची चौकट उभी. फ्लेक्सवाल्यानं ते खालून-वरून ओढून चौकटीत बसवलं होतं. आमच्याकडं फ्लेक्स असेच करतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊंचा चेहरा काकडीसारखा झालेला असतो आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही, भाऊंनाही नाही.

मी उतरून आप्पांना फोन लावला. कोन दुप्पट झालाय म्हटलं. ते हसले.

“इंजिनिअर, लोकं फ्लेक्सवर कोन मोजत बसतात व्हय? नंबर वाचता येतो ना? मग झालं.”

मी म्हटलं, बदलून घेऊ या. ते म्हणाले, सीझन संपू दे, पुढच्या वेळी आडवी चौकट करू. त्यांचं चुकलं असं मला तेव्हा म्हणता आलं नाही, आताही म्हणवत नाही. फ्लेक्सकडं बघून कोणी कोन मोजेल असं मलाही वाटलं नव्हतं. नुसतं जीवाला लागून राहिलं होतं, चित्र बिघडलं म्हणून.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. माझी आत्या जळकोटजवळच्याच एका गावात दिलेली. मामांची, म्हणजे तिच्या मालकांची, शेती आहे, आणि आत्याकडं शेवयांची मशीन आहे. उन्हाळा लागला की आसपासच्या बायका पीठ मळून घेऊन तिच्या अंगणात येतात, दुपारभर मशीन चालते, दोऱ्यांवर, काठ्यांवर शेवया वाळतात. काम दिवसाचं, वीज दिवसाची, म्हणून सोलर तिला सोयीचं होतं हे खरंच. फ्लेक्स बघितल्यापासून तिनं ध्यास घेतला. स्टँडवर ती ओळखी-अनोळखी बायकांना थांबवून सांगायची, हे आमच्या भाच्यानं काढलंय. चित्र मी काढलं नव्हतं, मी फक्त लिहून दिलं होतं, हे मी तिला दोनदा समजावलं. ती म्हणायची, तेच की.

तिनं आप्पांकडं नाव नोंदवलं. त्यांची माणसं अक्षयतृतीयेच्या आसपास येणार होती. पण त्या दिवसांत सगळ्यांनाच तोच मुहूर्त हवा असतो आणि आप्पांकडं चौकट करणारी माणसं कमी. तेव्हा मामांनी स्वतःच डोकं चालवलं. गावातल्या वेल्डिंगवाल्याला गाठलं, जो पत्र्याची शेड, फाटकं करतो. म्हणाले, चौकट आपण आधी करून ठेवू, ते आले की नुसत्या प्लेटा लावतील. वेल्डिंगवाल्यानं विचारलं, कशी करायची? मामा त्याला गाडीवर बसवून जळकोटच्या स्टँडवर घेऊन गेले आणि फ्लेक्स दाखवलं. त्यानं मोबाईलवर फोटो काढला. त्या फोटोवरून, प्लेटेच्या रुंदीशी पायांची उंची ताडून, त्यानं चौकट केली. काम त्यानं मन लावून केलं होतं. चित्रात जसं होतं तसंच.

आणखी एक गोष्ट. स्लॅबला भोक पाडलं की पावसाळ्यात गळतं, म्हणून मामांनी स्लॅबला हात लावू दिला नाही. पाय सिमेंटच्या ठोकळ्यांत रोवून ठोकळे नुसते वर ठेवले. उतार कमी असता तर पुरेसे जड ठोकळे ठेवूनही भागलं असतं, पुष्कळ जण तसं करतात. पण ह्या उभ्या प्लेटांना ते ठोकळे हलके होते. तृतीयेच्या दिवशी आप्पांची माणसं आली. त्यांना त्या दिवशी आणखी घरं होती. चौकट तयार आहे बघून त्यांनी प्लेटा क्लॅम्पनं आवळल्या, मामांनी नारळ फोडला, आत्यानं प्रत्येक प्लेटेला हळदीकुंकू लावलं, आणि आप्पांची माणसं पुढच्या घराकडं गेली. मीटरचं काम व्हायचं होतं, त्यामुळं वीज अजून सुरू नव्हती.

हे मला काहीच माहीत नव्हतं. माझी परीक्षा सुरू होती. आत्याच्या मुलीनं फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘दादा, तुझं चित्र आपल्या घरावर.’

मी तो फोटो मोठा करून बघितला. प्लेटा भिंतीसारख्या उभ्या, मागचे पाय माणसाच्या डोक्याच्या वर, आणि मागं सगळं मोकळं. चौकटीच्या मागच्या सावलीत, गच्चीवर, गुंडाळलेली अंथरुणं दिसत होती. आत्याच्या घरी सगळे उन्हाळाभर गच्चीवर झोपतात. दिवसा तिथं सावली झाली म्हणून अंथरुणं आता तिथंच असायची, तेवढीच जागा जरा गार राहते म्हणून.

आमच्याकडं वैशाखात वळवाचं वारं कसं येतं ते मी लहानपणापासून बघितलेलं. दिवसभर पान हलत नाही, आणि मग एकदम धूळ उठते, पत्रे उडतात, आंब्याचं झाड मोडतं. उत्तरेकडून ते वारं प्लेटांच्या मागं शिरलं तर चौकट सुपासारखी उचलली जाऊन पुढं दक्षिणेकडं पडणार, मोकळ्या गच्चीवर. समोरून, दक्षिणेकडून आलं तर मागं पडणार. मागं अंथरुणं होती.

मी आधी आप्पांना फोन केला. फोटो पाठवला. ह्या वेळी ते हसले नाहीत. माणसांना शिव्या दिल्या, मग स्वतःलाच काहीतरी बोलले. मी म्हटलं, मागचे पाय कापून खाली घ्यायला हवेत आणि ठोकळ्यांवर वजन वाढवायला हवं. तोवर प्लेटा सोडून आडव्या ठेवल्या तरी चालेल. ते म्हणाले, माणसं देगलूरच्या कामावर आहेत, दोन-तीन दिवसांत पाठवतो, तोवर तू घरी सांग.

मग मामांना फोन केला. ते शेतातून नुकतेच आले असावेत, पाणी पिल्याचा आवाज आला. मी सगळं सांगितलं, जमेल तसं. कोन, वारा, ठोकळे.

“नारळ फोडून चार दिस न्हाई झाले,” मामा म्हणाले. “आन् आता उतरवायचं? लोक काय म्हणतील, ह्यांचं सोलर आलं तसं गेलं?”

मी म्हटलं, उतरवू नका, पण निदान गच्चीवर झोपू नका. ते म्हणाले, उन्हाळ्यात खाली भट्टी असते, कुठं झोपायचं? आणि मग ते म्हणाले, रागानं नव्हे, सहज, “आरं, तुझ्याच चित्रातलं हाय की ते. मी काय मनानं केलंय व्हय?”

खरं म्हणजे ते चित्र माझं नव्हतं, ओढून ताणलेलं होतं. पण फोनवर ते कसं समजावणार? मी सुरुवात केली, फ्लेक्सवाला, आडवं, उभं... आणि मलाच ते बहाण्यासारखं ऐकू यायला लागलं. मी थांबलो. मामा म्हणाले, तू परीक्षा दे, इकडची काळजी तिकडून नको करून राहू.

तेवढ्यात आत्यानं फोन घेतला. ती बाजूला गेली असावी, मशीनचा आवाज कमी झाला.

“तू म्हणतोस ते खरंच हाय का?” तिनं विचारलं. “का पुस्तकातलं हाय?”

“हाव आत्या,” मी म्हटलं. “वारं आलं तर ते पडंल. तुम्ही खाली झोपा.”

ती म्हणाली, “ह्यांला सांगून उपयोग न्हाई. बरं. बघते.” आणि ठेवून दिला.

‘बघते’ हा शब्द मी त्यानंतर किती घोळवला. आमच्याकडं बघते म्हणजे हो असतं, नाही असतं, आणि विषय संपला असंही असतं. आत्याच्या मुलीला मी परत परत मेसेज केले. ती म्हणाली, बाबा ऐकत नाहीत, आई काही बोलत नाही. मी पुस्तक उघडायचो आणि त्याच्या कडेला चौकट काढत बसायचो, बाण वाऱ्याचे, बाण वजनाचे. हिशेब केला की काळजी वाढायची. हिशेब नाही केला तरी वाढायची. होस्टेलसमोरच्या रस्त्यावर झाडाचं पान हललं तरी मी मान वर करून बघायचो. नांदेडात आभाळ अगदी स्वच्छ होतं, फिकट निळं, क्षितिजाकडं पांढरट. मी लिहून मागितलं होतं तसंच.

आप्पांची माणसं तिसऱ्या दिवशी निघणार होती. वारं त्याच्या आदल्या रात्री आलं.

नांदेडला फक्त धूळ आणि चार थेंब. पण सकाळी मोबाईलवर जो तो जळकोट, उदगीरकडचं सांगत होता. खांब पडले, झाडं आडवी झाली, पत्रे गेले. मी आत्याच्या घरचे सगळे नंबर लावले. सगळे बंद. तिकडची लाईटच गेली असणार, टॉवर बंद असणार, हे मला कळत होतं; शिकतोच ते. पण कळून काही होत नव्हतं. आमच्या घरीही फोन लागेना. आप्पांचा लागला, ते म्हणाले उदगीरात दुकानाचा बोर्ड उडालाय, रस्त्यावर झाडं आहेत, मी बघतो.

त्यांनीही ‘बघतो’च म्हटलं.

त्या दिवशी माझा पेपर होता. मी गेलो आणि बसलो. काय लिहिलं ते आठवत नाही. सुपरवायझर सरांनी एकदा विचारलं, बरं वाटत नाही का? मी हो म्हटलं, म्हणजे वाटत नाही. बाहेर आल्यावर फोन सुरू केला, काही नव्हतं. जळकोटची एसटी धरावी म्हणून नांदेडच्या स्टँडवर आलो, तर कंडक्टर म्हणाले, पुढं रस्ता मोकळा झाल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. तिथंच बाकावर बसलो. आत्याला एक मेसेज लिहून ठेवला, जाईल तेव्हा जाईल म्हणून: फुटलेल्या प्लेटेला हात लावू नका, लाईट नसली तरी उन्हात तिच्यात करंट असतो, वायरी तोडू नका. लिहिताना वाटलं, हे वाचायला तिथं सगळे असतील ना?

मनात काय काय आलं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो, की मी ती सगळी वाक्यं परत आठवली, गुडघ्याएवढी पुढची कड, सौम्य चढण. ती बरोबर होती. तिथं बाकावर बसून ती बरोबर असण्याचा मला काहीच आधार वाटत नव्हता.

ऊन उतरलं तेव्हा फोन वाजला. आप्पांचा होता. आवाज तुटत होता, वारा भरत होता. ते मोटारसायकलवर, झाडं चुकवत, शेतांतून आत्याच्या गावी पोचले होते आणि नेटवर्कसाठी गावाबाहेरच्या टेकाडावर येऊन बोलत होते.

“सगळे हायेत,” त्यांनी आधी तेवढंच सांगितलं. “आयकलास का? सगळे हायेत.”

मी हो म्हटलं असेन.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. चौकट मागंच उलथली होती, प्लेटांसकट, पाठीवर पडल्यासारखी, बरोबर अंथरुणांच्या जागेवर. बऱ्याच प्लेटा फुटल्या होत्या. कोणी जवळ जाऊ नये म्हणून त्यांनी त्यांच्यावर ताडपत्री टाकली होती. मी विचारलं, मग हे खाली कसे होते? मामांनी ऐकलं का?

आप्पा म्हणाले, मामा कुठलं ऐकतात. तुझ्या आत्यानं आदल्या दिवसापासून गच्चीवर कुरडया घालायला घेतल्या. अंथरुणं खाली आणली, जुन्या साड्या अंथरल्या आणि एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत कुरडयाच कुरडया, गल्लीतल्या बायकांनासुद्धा तिथंच घालायला बोलावलं. ओल्या कुरडया उचलता येत नाहीत, तुटतात. रात्री मामा अंथरूण घेऊन वर गेले तर पाय ठेवायला जागा नाही. ते खूप बोलले. ती म्हणाली, वाळल्या की काढते. तेव्हा सगळे अंगणात झोपले, आणि वारं सुटल्यावर घरात पळाले.

मग आप्पांनी फोन आत्याच्या हातात दिला. ती बरोबर आली होती, टेकाडावर. तिला धाप लागली होती.

“कुरडया गेल्या बग,” आत्या म्हणाली. “माणसं सगळी हायेत.”